स्वस्त पॉलिसी आणि बारा हजारांचा बंपर

गाडीचा विमा संपत आला की फोनवर कोटेशनं येऊ लागतात आणि नजर आधी सगळ्यात लहान आकड्यावर जाते. समजा, पुण्यातल्या एका घरी पाच वर्षांची, 1197 सीसीची पेट्रोल गाडी आहे. एक कोटेशन आलं 7,730 रुपयांचं, दुसरं 11,819 चं. चार हजार वाचतात म्हटल्यावर पहिलं घ्यावंसं वाटणारच.

थर्ड पार्टीचा हप्ता दोन्हीकडे 3,416 रुपये. तो सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नाही. फरक आहे तो ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात. महागड्या कोटेशनमध्ये तो 8,000 रुपये. चार वर्षं क्लेम नाही म्हणून 45 टक्के नो क्लेम बोनस वजा झाला आणि 2,200 रुपयांचं झिरो डेप जोडलं गेलं. स्वस्त कोटेशनमध्ये गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कमी धरल्यानं हा हप्ता 7,200 वर आला. झिरो डेप गळालं आणि 5,000 रुपयांचं व्हॉलंटरी डिडक्टिबल आलं. त्याबद्दल सूट 1,500 ची; पण त्यानंतर बोनस कमी झालेल्या रकमेवर धरला गेल्यानं, जीएसटी मोजूनही प्रत्यक्ष बचत जेमतेम 975 रुपयांची.

आता पार्किंगमध्ये खांबाला घासून बंपर फुटला. प्लॅस्टिकच्या भागाचं बिल, मजुरी सोडून, 12,000. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकवर निम्मा घसारा कापला जातो; उरले 6,000. त्यातून या गाडीसाठी सक्तीची 1,000 ची कपात आणि वरची 5,000 ची. कंपनी देणार शून्य!

महागड्या पॉलिसीत याच बिलाचे 11,000 मिळतात. मात्र क्लेम केला की बोनसची शिडी पहिल्या पायरीपासून चढायची. पुढच्या वर्षी मिळणारी 50 टक्के सूट शून्यावर येते, मग 20, 25, 35, 45 अशी पाच वर्षांनी पुन्हा 50 वर पोचते. ओन डॅमेजचा हप्ता 8,000 च राहिला असं धरलं, तर त्या पाच वर्षांत गमावलेली सूट जीएसटीसकट 11,800 रुपये भरते. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येईल. तरीही अकरा हजारांसाठी केलेला क्लेम जवळजवळ बरोबरीत सुटतो. दरवाजा, बॉनेट, हेडलाइट असं सगळंच गेलं आणि बिल साठ हजारांवर पोचलं, तर मात्र याच गणितात क्लेम सरळ फायद्याचा ठरतो, आणि झिरो डेपचे 2,200 तिथेच वसूल होतात.

म्हणूनच या घरानं दोन्ही कंपन्यांकडे नव्यानं कोटेशन मागितलं: आयडीव्ही सारखीच, झिरो डेप हवं, व्हॉलंटरी डिडक्टिबल नको. एजंटला मुदत संपण्याची तारीखही विचारून ठेवली, कारण त्यानंतर 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठवलेला बोनस जातो.