चार कपॅसिटर आणि हरवलेली आकृती

बारावीतल्या एका विद्यार्थिनीचा रात्री फोन आला. “सर, प्रश्न आहे, पण आकृती नाही.” मैत्रिणीच्या वहीवरून काढलेल्या झेरॉक्समध्ये आकृतीच्या जागी नुसता काळा पट्टा उमटला होता. उरलेला प्रश्न तिने वाचून दाखवला. प्रत्येकी 10 मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर आकृतीत दाखवल्याप्रमाणे 500 व्होल्टला जोडले आहेत. समतुल्य धारिता किती आणि प्रत्येक कपॅसिटरवर प्रभार किती?

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातलं हे सोडवलेलं उदाहरण मला तोंडपाठ आहे. तरी मी आकृती लगेच सांगितली नाही. खाली उत्तर छापलंय का, एवढंच विचारलं. “हो, 13.3 मायक्रोफॅरड.” मग म्हटलं, “आता आकृती तूच शोधून काढ.”

समतुल्य धारिता म्हणजे सगळं जाळं काढून त्या दोन टोकांमध्ये एकच कपॅसिटर बसवायचा झाला, तर तो केवढा लागेल ते माप. कपॅसिटर शेजारी शेजारी, म्हणजे समांतर, जोडले की पट्ट्यांचं क्षेत्रफळ वाढल्यासारखं होतं आणि धारितांची सरळ बेरीज होते. 10 आणि 10 मिळून 20. एकामागे एक, म्हणजे एकसर, जोडले की प्रत्येकावर प्रभार तेवढाच राहतो, पण व्होल्टेज वाटलं जातं. तेवढ्याच प्रभारासाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून धारिता घटते. 10 आणि 10 मिळून 5. रोधांचा नियम याच्या नेमका उलट आहे, आणि पुढे घोटाळा होतो तो तिथेच.

आता चार सारखे कपॅसिटर दोन टोकांमध्ये एकसर-समांतर पद्धतीने किती तऱ्हांनी जोडता येतील? दहा. इंग्रज गणिती पर्सी मॅकमोहन यांनी 1892 मध्ये रोधांसाठी ही मोजदाद केली होती. तीन वस्तूंच्या चार तऱ्हा, चारांच्या दहा, पाचांच्या चोवीस. कपॅसिटरच्या तऱ्हाही तेवढ्याच, कारण मोजायची आहे ती जोडणी.

त्या दहा तऱ्हांची धारिता मी तिला फोनवरच काढायला लावली. सगळे एकसर, तर 2.5. सगळे समांतर, तर 40. म्हणजे चारही कपॅसिटर खरोखर कामाला लागलेले असतील, तर उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. मधले आकडे येतात 4, 6, 7.5, 10, 13.3, 16.7 आणि 25. मोजून नऊच झाले, कारण 10 हा आकडा दोन वेगळ्या जोडण्यांतून येतो. 13.3 मात्र एकाच जोडणीतून येतो. तीन कपॅसिटर एकसर, त्यांचे 3.3, त्यांना समांतर चौथा, त्याचे 10. आकृती सापडली. पुस्तकात ती चौकोनासारखी आहे, तीन बाजूंना तीन आणि चौथ्या बाजूला चौथा. प्रभारांवरून पडताळाही होतो. चौथ्यावर थेट 500 व्होल्ट, म्हणून 5 मिलिकूलोम. एकसर जोडलेल्या तिघांवर प्रत्येकी साधारण 1.7 मिलिकूलोम. छापील उत्तरातही हेच दोन आकडे होते.

उत्तर हाताशी नसतं आणि नुसते पर्याय असते, तर हे जमलं नसतं. ही जोडणी रोधांच्या नियमाने सोडवली तर तिघांचे 30 होतात, त्यांना समांतर 10, म्हणजे 7.5. हा आकडाही आपल्या यादीत आहे! तीन समांतर आणि त्यांच्या मागे एक एकसर, या जोडणीचं ते बरोबर उत्तर. यादीतल्या प्रत्येक आकड्याला असा जोडीदार आहे. 2.5 ला 40, 4 ला 25, 6 ला 16.7, आणि जोडीचा गुणाकार दर वेळी 100. प्रश्न काढणारा चुकीच्या पर्यायासाठी हटकून हा जोडीदार घालतो, कारण मुलं तिथेच फसतात. म्हणून पर्यायांत 13.3 आणि 7.5 दोन्ही दिसले, तर बरोबर उत्तर त्या दोघांतलं एक असावं असा अंदाज बांधता येतो. कोणतं, ते आकृतीशिवाय कळत नाही. आकृतीवाचून पर्यायांवर खूण करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ती खूण बरोबर निघाली तरी मला वाईट वाटतं.

आणखी एक अडचण टोकांची. तोच चौकोन घ्या, तेच चार कपॅसिटर. पुरवठा शेजारच्या दोन कोपऱ्यांना जोडला तर 13.3. समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडला तर दोन-दोनच्या दोन रांगा समांतर होतात आणि उत्तर 10. म्हणून कुणी “चौकोन आहे” एवढंच आठवून सांगितलं, तर ते पुरत नाही. ‘ए आणि बी यांमधील’ असं प्रश्नात लिहिलेलं असतं, पण ए कुठे आणि बी कुठे हे त्या हरवलेल्या आकृतीतच राहिलेलं असतं.

10 या आकड्याची गंमत मला फार आवडते. दोन एकसर रांगा समांतर, किंवा दोन समांतर जोड्या एकसर, दोन्हींतून 10 येतात. यांतली कोणती आकृती होती हे प्रभारांवरूनही सांगता येत नाही. दोन्हींत प्रत्येक कपॅसिटरवर 250 व्होल्ट आणि 2.5 मिलिकूलोम. कारण साधं आहे. दोन रांगांच्या मधल्या बिंदूंवर व्होल्टेज सारखंच असतं. त्यांच्यामध्ये तार टाकली की पहिली आकृती दुसरी होते, आणि एकही आकडा हलत नाही. तारेऐवजी तिथे पाचवा कपॅसिटर टाकला तर व्हीटस्टनचा सेतू तयार होतो. पाचव्यावर प्रभार शून्य, उत्तर तेच 10. ही जोडणी एकसर-समांतर नव्हे, म्हणून मॅकमोहनच्या चोवीसांत ती बसत नाही.

आकृती हरवू नये म्हणून तिला मी एक सवय लावून घ्यायला सांगितली. प्रत्येक कपॅसिटरपुढे त्याच्या दोन टोकांची नावं लिहायची. जिथे तारा एकत्र येतात, तिथे एकच नाव. 1970 च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेला ‘स्पाइस’ हा संगणक प्रोग्राम मंडल असंच वाचतो. आकृती त्याला लागतच नाही. आपलं उदाहरण असं होईल:

```
C1 A P 10u
C2 P Q 10u
C3 Q B 10u
C4 A B 10u
```

दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो, तेव्हाही या चार ओळी पुरतात. ‘आकृती पाहा’ हे वाक्य त्याच्या काहीच कामाचं नसतं.

तिने त्या ओळी लिहून फोटो पाठवला आणि उत्तर लिहिलं 4 मायक्रोफॅरड. शेवटच्या ओळीत `A` च्या जागी `Q` पडला होता. चौथा कपॅसिटर तिसऱ्याला समांतर गेला, दोघांचे 20 झाले, आणि त्यांच्यापुढे 10 आणि 10 एकसर. तिची आकडेमोड अगदी बरोबर होती.