एक इंजिनिअर, तीन इमारती

पुण्यातल्या एखाद्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. शाळा, गृहसंकुल आणि हॉस्पिटल अशा तीन इमारती, तिघांचे मॅनेजर वेगळे आणि आरसीसी डिझाइन करणारी इंजिनिअर मात्र एकच. प्रत्येक इमारतीचं तिच्याकडचं काम चार दिवसांचं. शाळेची ड्रॉइंग्ज सहाव्या दिवशी हवीत, गृहसंकुलाची आठव्या आणि हॉस्पिटलची दहाव्या. प्रत्येक मॅनेजरच्या वेळापत्रकात तिचा दिवस आठ तासांचाच दिसतो. तिन्ही वेळापत्रकं एकावर एक ठेवली की पहिले चार दिवस चोवीस तासांचे निघतात!

हा दोष जुना आहे. १९५७च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीच्या कामातून ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत पुढे आली. कुठलं काम कशानंतर येतं, एवढ्यावरून ती तारखा काढते. ते करायला माणूस मोकळा आहे का, हे विचारत नाही. तो प्रश्न रिसोर्स लेव्हलिंग विचारतं.

इंजिनिअर सगळ्यांना खूश ठेवायला गेली आणि रोज एक इमारत घेत फिरली, तर शाळा दहाव्या दिवशी संपते, गृहसंकुल अकराव्या, हॉस्पिटल बाराव्या. तिन्ही उशिरा, शाळेला तर चार दिवस. एका डिझाइनमधून दुसऱ्यात डोकं घालताना जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

आता सवड बघून रांग लावू. शाळेला दोन दिवसांची सवड, गृहसंकुलाला चार, हॉस्पिटलला सहा. जिथे सवड कमी, ते काम आधी. शाळा चौथ्या दिवशी संपते, गृहसंकुल आठव्या, दोन्ही वेळेत. हॉस्पिटल बाराव्या दिवशी, म्हणजे फक्त तेच लांबतं, तेही दोन दिवसच. काम मुळात बारा दिवसांचं आणि मुदत दहाची. नुसत्या रांगेने ही तूट भरत नाही.

ती भरायची तर काम हलवावं लागतं. गृहसंकुलाच्या चार दिवसांतले शेवटचे दोन सळयांची यादी करण्यात जातात. ती ड्राफ्ट्समनला दिली, तर इंजिनिअर सातव्या दिवशीच हॉस्पिटलला हात घालू शकते. यादी तपासायला मात्र तिचा अर्धा दिवस जातोच, तेव्हा हॉस्पिटल अकराव्या दिवशी दुपारी संपतं. तेवढा अर्धा दिवस पहिल्याच दिवशी मागून घ्यायचा. दहाव्या दिवशी संध्याकाळी फोन करून नव्हे.

सॉफ्टवेअर ही रांग लावून देतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक कामाला शून्य ते हजार असा अग्रक्रम देता येतो. काही दिला नाही तर तो पाचशे धरला जातो, आणि हजार दिलेलं काम लेव्हलिंग हलवत नाही. मग तिन्ही मॅनेजर हजार टाकतात आणि इंजिनिअर पुन्हा चोवीस तासांवर येते. शिवाय तिन्ही फाइली एकाच रिसोर्स पूलला जोडलेल्या नसतील, तर एका फाइलला दुसरीतलं ओझं दिसतच नाही. अग्रक्रमाचे आकडे ठरवायला या तिघांच्या वरचा कुणीतरी लागतो, आणि शाळेचा कंत्राटदार खोदकाम करून पायाच्या ड्रॉइंग्जसाठी थांबला तर किती खर्च वाढेल, हे त्याला ठाऊक असावं लागतं.