‘सोडली’ म्हटल्यानंतरची दहा मिनिटे

सिगरेट सोडल्याचे मित्राला सांगण्याची वेळ बहुतेकांवर चहाच्या टपरीवरच येते. रोजच्या वेळी दोघे तिथे भेटतात, दोन कटिंग सांगितल्या जातात, टपरीवाला न विचारताच दोन सिगरेटी काढून देतो आणि दोरीला लटकलेला लायटर या हातातून त्या हातात जातो. अशा ठिकाणी एकाने सिगरेट नाकारली की पुढच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात व्यसन सोडण्यातल्या बहुतेक अडचणी ओळीने समोर येतात. उदाहरण म्हणून दिवसाला दहा-बारा सिगरेटी ओढणारे दोन मित्र घ्यावेत. सुनीलने सिगरेट सोडली आहे आणि आज त्याचा तिसरा दिवस आहे. दिलीप अजून ओढतो.

टपरी इतकी अवघड का जाते, याचे कारण निकोटीनच्या वेगात आहे. धुरातले निकोटीन झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तिथे सुखाची जाणीव देणारे डोपामिन स्रवते. एका सिगरेटीचे साधारण दहा झुरके धरले, तरी दिवसाला शंभरेक वेळा ही देवघेव होते. त्या क्षणी जे जे आसपास असते, म्हणजे आल्याच्या चहाचा वास, हातातला गरम ग्लास, समोरचा मित्र, ते सगळे मेंदू त्या सुखाशी जोडून ठेवतो. त्यामुळे ऑफिसच्या खुर्चीत दोन तास निभावून नेलेला माणूस टपरीवर पाऊल ठेवताच कासावीस होतो. त्यात शरीराचा हिशेबही आड येतो. रक्तातले निकोटीन दर दोन तासांनी सुमारे निम्मे होत जाते. चिडचिड, अस्वस्थता, भूक, लक्ष न लागणे हे त्रास पहिल्याच दिवशी सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. म्हणजे सुनील सगळ्यात कठीण दिवशी सगळ्यात कठीण जागी उभा आहे.

बोलणे साधारण असे सुरू होते.

“घे रे.”

“नको, सोडली मी.”

“काय सांगतोस! का, डॉक्टर काही बोलले का?”

“नाही, खोकला जात नाहीये महिनाभर.”

“अरे, खोकला या धुळीमुळे आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच आहे.”

“आणि खर्च पण होतो रे.”

“मग दोन चहा कमी कर, निघेल खर्च. आज घे एक, उद्यापासून पक्की सोड.”

इथे सुनीलचा निर्णय पहिल्यांदा डळमळतो. त्याने दिलेली दोन्ही कारणे खरी आहेत, पण कारण सांगितले की त्यावर वाद घालता येतो आणि वादात दिलीप हुशार आहे. शिवाय प्रत्येक कारण खोडले गेले की ऐकणाऱ्यालाही आपला निर्णय थोडा हलका वाटू लागतो. म्हणून समुपदेशक नकाराचे वाक्य आधीच ठरवून ठेवायला सांगतात. ते छोटे असावे, त्यात कारण नसावे आणि त्याला जोडून लगेच दुसरा विषय यावा. “नको, मी ओढत नाही आता. तुझ्या गाडीचं काय झालं?” एवढे पुरते. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणायचे. दोन-तीनदा तेच उत्तर मिळाले की आग्रह करण्यात मजा राहत नाही.

दिलीपचा आग्रह दुष्टपणाचा असतोच असे नाही. त्याची रोजची सोबत तुटत असते आणि आपणही सोडायला हवी, ही टोचणी त्याला नकळत लागलेली असते. म्हणून सुनीलने त्याच टपरीवर फुप्फुसांवर व्याख्यान सुरू करण्यातही अर्थ नसतो. व्यसनी माणसाशी कसे बोलावे याची एक पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक यांनी १९९१च्या पुस्तकातून सविस्तर मांडली. तिचा गाभा असा की, माणसावर बदल लादला तर तो जुन्या सवयीची बाजू घेऊन बोलू लागतो; बदलाची कारणे त्याच्याच तोंडून आली तर ती टिकतात. हे दोघांनाही लागू आहे. दिलीपला मदत करायची असेल तर सल्ल्यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा असतो: “सगळ्यात त्रास कधी होतो तुला?”

समजा, त्याने तो विचारला.

“आत्ता. हा चहा हातात आहे ना, तेव्हाच.”

“मग मी काय करू, लांब जाऊन ओढू का?”

“ओढ, पण मला देऊ नकोस. मागितली तरी देऊ नकोस.”

तलफेची एक लाट सहसा काही मिनिटांचीच असते. सिगरेट मिळाली नाही तरी ती उतरते, हे सोडणाऱ्याला एकदा अनुभवाने कळावे लागते. तेवढा वेळ काढायला सुनील धुराच्या उलट बाजूला उभा राहू शकतो, ग्लास सिगरेटीच्या नेहमीच्या हातात धरू शकतो, घोट घोट पाणी पिऊ शकतो. पहिले दोन आठवडे चहाची जागा किंवा वेळ बदलणे त्याहून सोपे पडते, कारण मग मेंदूला ओळखीच्या खुणाच मिळत नाहीत. “मागितली तरी देऊ नकोस” हे वाक्यही महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात २०२० साली सुट्या सिगरेटी विकायला बंदी झाली, तरी अनेक टपऱ्यांवर त्या मिळतात. अख्खे पाकीट विकत घेताना माणूस थोडा तरी विचार करतो. एक सुटी सिगरेट मित्राच्या हातून येते तेव्हा तेवढाही वेळ मिळत नाही.

आता सुनील खिशातून निकोटीनची च्युइंगम काढतो आणि चहाचा घोट घेत चावायला लागतो. चार मिनिटांनी म्हणतो, “काही उपयोग नाही याचा. उलट उचकी लागते.” औषध निरुपयोगी ठरवले जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. या गमातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते आणि त्यासाठी तोंडात आम्लता कमी असावी लागते. कॉफी, कोला, फळांचे रस अशा आम्लधर्मी पेयांनी हे शोषण घटते. कोणतेही पेय निकोटीनला लाळेबरोबर पोटातही नेते. तिथून ते यकृतात जाते आणि मोठा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट होतो. मागे उरते ती उचकी, मळमळ आणि जळजळ. म्हणून गम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये.

चावण्याचीही रीत आहे. गम हळूहळू चावायची. तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबून ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची. चव गेली की पुन्हा थोडी चावायची आणि जागा बदलायची. असे सुमारे अर्धा तास चालते. तिचा परिणाम सिगरेटीसारखा झटक्यात होत नाही. म्हणून टपरीवर पोहोचल्यावर गम काढण्यापेक्षा आधी ती संपवून, पंधरा-वीस मिनिटांनी चहाला जाणे बरे. पहिल्या आठवड्यांत तलफेची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी एक गम घेतात. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असे, अशा माणसाला २ मिलिग्रॅमची मात्रा बहुधा अपुरी पडते. ४ मिलिग्रॅमची डॉक्टरांना विचारून घ्यावी. गम किंवा पॅच यांसारख्या साधनांनी सोडण्यात यश मिळण्याची शक्यता साधारण दीडपट होते.

चहाबद्दल आणखी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. सुनील पुढे म्हणतो, “झोप लागत नाही रे, हात थरथरतात, छातीत धडधडतं. सिगरेट सोडल्यामुळेच होतंय हे.” त्रास खरा आहे, पण त्याचा काही वाटा चहाचा असू शकतो. तंबाखूच्या धुरातली काही रसायने यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग वाढवतात आणि हाच एन्झाइम चहा-कॉफीतले कॅफिन मोडतो. त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जाते. धूर बंद झाला की आठवडाभरात हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातून रक्तात राहणारे कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकते. त्यातच सिगरेटीची उणीव भरून काढायला चहा वाढवला जातो. चारचे सहा कप झाले, तर शरीराला ते दहा-बारा कपांसारखे जाणवू शकतात. हे काम धुरातल्या रसायनांचे असल्यामुळे निकोटीनची गम चालू असली तरी फरक पडत नाही. उपाय साधा आहे: चहा निम्मा करावा आणि संध्याकाळनंतर घेऊ नये. चार-पाच दिवसांत झोप सुधारली, तर दोष कॅफिनचा होता असे समजावे. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी मात्र सिगरेट सोडल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण त्या औषधाचे रक्तातले प्रमाणही याच कारणाने वाढते.

दहा-बारा दिवसांनी त्याच टपरीवर दुसरे संभाषण होण्याची शक्यता बरीच असते.

“काल एका लग्नात एक ओढली. गेलं सगळं.”

“मग काय, घे आता. सुटली ती सुटली.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी व्यसन पुन्हा जडण्याच्या अभ्यासात नेमक्या याच वळणावर बोट ठेवले. एका सिगरेटीने शरीराचे जेवढे बिघडते, त्याहून अधिक बिघडते ते ‘आपल्याला जमत नाही’ या निष्कर्षाने, कारण त्यानंतर थांबण्याचे कारणच उरत नाही. म्हणून चूक झाली तर दोन गोष्टी पाहायच्या: ती कुठे झाली आणि हातात सिगरेट कुठून आली. उत्तर ‘लग्नात, मित्राकडून’ असे असेल, तर पुढच्या समारंभाला जाण्याआधी नकाराचे वाक्य आणि गम तयार ठेवता येते. शिल्लक सिगरेट मात्र त्याच क्षणी टाकावी लागते. ‘रोज फक्त एक’ हा तह फार काळ टिकत नाही. दिलीपने इथे “कुठे ओढलीस? आज नाही ना ओढली?” एवढेच विचारले, तरी बोलणे योग्य दिशेला वळते.

मित्राच्या मदतीला मर्यादाही आहेत. दिलीप रोज शेजारीच ओढत राहिला, तर सुनीलला काही आठवडे चहाची सोबत बदलावी लागेल आणि तसे मोकळेपणाने सांगावे लागेल. गम नीट वापरूनही तलफ आवरत नसेल, तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन ही गोळ्यांची औषधे डॉक्टर देऊ शकतात. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी निकोटीनची कोणतीही साधने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. फोनवर समुपदेशन हवे असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. सिगरेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.