गल्ला वेगळा, पगार वेगळा

यूट्यूबवर कशिदाकारी शिकवणाऱ्या आमच्या सावनेरच्या कारागिराची आमदनी लगनसराईच्या कापडासारखी चढते-उतरते. शंभर डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही. जमले तरी ते पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात.

समजा, सहा महिन्यांत ९, ०, २२, ६, १४ आणि ९ हजार आले. सरासरी दहा पडते, पण स्वतःचा पगार आठच हजार धरावा आणि भाडे, किराणा, शाळेची फी त्यातच बसवावी. आलेली सारी रक्कम धंद्याच्या खात्यात ठेवून महिनाअखेर पगार तेवढा घरी न्यावा. मात्र सुरुवातीला खात्यात सोळा हजार शिल्लक हवेत. नसतील तर दुसऱ्याच महिन्यात पगार अडतो, असतील तर पगार देऊनही नऊ उरतात.

दुखण्याखुपण्यासाठी तीन पगारांची पुंजी तिसऱ्या खात्यात असावी. धंद्याची शिल्लक सलग तीन महिने घटली, तर पगार कमी करावा. पुंजी मोडू नये.