मधेच प्लॅन बदलला, बिल का फुगलं?

घरच्या ब्रॉडबँडचं भाडं बहुधा आगाऊ घेतात. समजा, जूनचे ६०० रुपये भरले आणि १६ तारखेपासून ९०० चा प्लॅन घेतला. उरलेल्या १५ दिवसांचे जुन्या प्लॅनचे ३०० रुपये वजा चिन्हासह जमा दिसतात. नव्याचे ४५० आकारले जातात. फरक १५०.

जुलैचं आगाऊ भाडं ९०० मिळून १०५० होतात आणि १८ टक्के जीएसटीसह बिल १२३९ वर जातं. ही वाढ एकदाचीच असते. मात्र वजा चिन्हाची ओळच नसेल, तर १५ दिवसांचं भाडं दोनदा लागलं आहे. तक्रार लगेच करावी.

प्लॅन उतरवताना बहुतेक कंपन्या बदल पुढच्या बिलापासूनच लागू करतात. मधेच केला, तरी शिल्लक सहसा रोख न मिळता पुढच्या बिलात वळती होते.