पाऊस खरंच घटतोय का?

पावसाच्या नोंदींतला कल शोधायला संशोधक मान-केंडॉल चाचणी वापरतात. समजा, सलग चार वर्षांचा पाऊस ९००, ८७०, ८८० आणि ८४० मिलिमीटर आहे. प्रत्येक वर्षाची पुढच्या प्रत्येक वर्षाशी तुलना केली, की सहा जोड्या होतात: पाचांत घट, एकीत वाढ. चाचणी फक्त दिशा मोजते, म्हणून एखादं अतिवृष्टीचं वर्ष निकाल फिरवत नाही.

वेगासाठी प्रत्येक जोडीचा वार्षिक उतार काढून मध्यक घेतात. हा सेनचा उतार: वर्षाला १७.५ मिलिमीटर घट.

पण कल नसतानाही चार आकडे योगायोगाने इतके एकतर्फी लागण्याची शक्यता एक-तृतीयांश आहे. म्हणून दीर्घ नोंदी हव्यात, आणि शोधनिबंधात उतारासोबत कालखंड, पी-मूल्य व उताराची संभाव्य मर्यादाही द्यायला हवी.