थायरोग्लोब्युलिनचा आकडा कसा वाचावा

थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी तयार करतात. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारच्या कर्करोगपेशीही बहुधा ते तयार करत राहतात. म्हणूनच संपूर्ण ग्रंथी काढल्यावर रक्तातले हे प्रथिन जवळजवळ नाहीसे व्हायला हवे. आधीचे प्रथिन ओसरायला तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे पहिली तपासणी साधारण सहा आठवड्यांनी होते.

आवाजाच्या नसेला धक्का लागू नये म्हणून शल्यविशारदाला कधीकधी थोडी ग्रंथी मागे ठेवावी लागते. ती किंवा उरलेल्या कर्करोगपेशी नष्ट करण्यासाठी आयोडीन-१३१ देतात. कमी जोखमीच्या अनेक रुग्णांना त्याची गरज नसते. औषध पेशींनी शोषून घ्यावे यासाठी टीएसएच ३० च्या वर न्यावे लागते. त्यासाठी थायरॉक्सिनची गोळी काही आठवडे थांबवतात किंवा टीएसएचचे इंजेक्शन देतात. आयोडीनयुक्त मीठ आणि मासे एक-दोन आठवडे बंद असतात. नंतरच्या स्कॅनमध्ये औषध कुठे साचले ते दिसते.

पुढची वर्षे थायरोग्लोब्युलिनवर लक्ष ठेवायचे असते. गोळी चालू असताना ते मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅमहून कमी आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर उपचार उत्तम लागू पडला असे मानतात. पण या आकड्यावर एकट्याने विसंबू नये. सुमारे पाचांपैकी एका रुग्णाच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असतात, आणि नेहमीच्या चाचणीत त्यांच्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

समजा, मानेतल्या गाठींपर्यंत पसरलेल्या पॅपिलरी कर्करोगासाठी एका ३८ वर्षांच्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर आयोडीन दिले. दीड वर्ष थायरोग्लोब्युलिन ०.२ च्या खालीच आहे. मात्र त्याच प्रयोगशाळेत अँटिबॉडी ६० वरून १४० आणि मग ३१० झाल्या. रोग गेला असता, तर त्या हळूहळू उतरायला हव्या होत्या. इथे खरा इशारा अँटिबॉडींची चढण देते, म्हणून दोन्ही चाचण्या नेहमी एकत्र आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात. सोनोग्राफीत मानेच्या बाजूला १२ मिलिमीटरची गाठ दिसते. सुईने तिच्यातल्या पेशी घेतात आणि सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन मोजतात. ते भरपूर निघाले, तर गाठ थायरॉइडचीच. अशी गाठ सहसा शस्त्रक्रियेने काढणेच योग्य, कारण एवढ्या गाठीवर आयोडीनचा भरवसा धरता येत नाही.

काहींचे चित्र याउलट असते: थायरोग्लोब्युलिन वाढत जाते, पण आयोडीन-स्कॅन कोरा येतो. पेशी प्रथिन बनवतात, पण आयोडीन ओढून घेण्याची क्षमता त्यांनी गमावलेली असते. प्रथिन वर्षाच्या आत दुपटीने वाढत असेल, तर रोग वेगाने पसरत असल्याची शंका धरावी. तेव्हा ग्लुकोजवर आधारित पेट स्कॅन करून जागा शोधतात. आयोडीन न घेणाऱ्या पेशींना त्याची आणखी मात्रा दिल्याने फायदा होत नाही. किरणांचा भार मात्र लाळग्रंथी आणि अस्थिमज्जेवर पडतो.